या चुका टाळा : प्रत्येक वाद जिंकायचाच असतो अशा जोडीदाराशी बोलताना

वाद जिंकण्याची सवय असलेला माणूस बहुतेक वेळा मूळ प्रश्नावर बोलतच नाही. तो समोरच्याच्या वाक्यातली चूक पकडतो. चूक असतेच, त्यामुळे तो जिंकतोही. प्रश्न मात्र होता तिथेच राहतो आणि आठवड्याभरात पुन्हा निघतो. अशा जोडीदाराला कसं बदलायचं, हे मला नेहमी विचारलं जातं. माझं उत्तर असतं की आधी त्याला सहज जिंकता येईल असं काही हाती देणं थांबवा.

एक उदाहरण सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. नवरा-बायको नाशिकच्या सिडकोत राहतात. तो अंबडच्या कारखान्यात, ती बँकेत. तिचं सासर तीसेक किलोमीटरवर, पिंपळगाव बसवंतला, घरची द्राक्षबाग. एका शुक्रवारी रात्री भांडी आवरताना ती म्हणाली, "दर रविवारी आपलं पिंपळगावच असतं. माझ्या सुट्टीचा तू कधीच विचार करत नाहीस."

तो म्हणाला, "दर रविवारी? गेल्या महिन्यात दोनदाच गेलो." त्याने फोन काढून फोटोंच्या तारखा दाखवल्या. ती म्हणाली, "आणि सत्यनारायणाला गेलो ते?" "तो शनिवार होता." मग मागच्या वर्षीची दिवाळी निघाली, तिच्या माहेरच्या फेऱ्या मोजून झाल्या. शेवटी ती म्हणाली, "बरं बाबा, तुझंच खरं," आणि जाऊन झोपली. परवाच्या रविवारी काय करायचं, हे दोघांनीही ठरवलं नव्हतं.

पहिली चूक पहिल्याच वाक्यात आहे. "दर", "नेहमी", "कधीच" हे शब्द रागात तोंडी येतात, पण मोजणाऱ्या माणसापुढे ते टिकत नाहीत. एक अपवाद दाखवला की तुमचं सगळंच म्हणणं खोटं ठरवता येतं. तेच वाक्य असं म्हणता आलं असतं : "या रविवारी मला घरी थांबायचंय. आठवडाभर उभं राहून पाय भरून आलेत." यात खोडून काढण्यासारखं काही नाही. मागणी एका दिवसाची आहे आणि कारण तिचं स्वतःचं आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांची भांडणं चित्रित करून अभ्यासली. पहिल्या तीन मिनिटांत सूर कसा लागतो, यावरून पुढचं संभाषण कुठे जाणार याचा बराच अंदाज येतो, हा त्यांच्या कामातला एक ठळक निष्कर्ष.

दुसरी चूक जास्त महागात पडते : पुराव्याला पुरावा देणं. त्याने तारीख काढली की आपणही काढतो, आणि न कळत त्याच्या मैदानावर जातो. तिथे तो तरबेज आहे. अशा वेळी आकडा लगेच देऊन टाकावा. "हो, दोनदाच गेलो, माझं चुकलं. पण मी दमलेय, ते दोनदा गेल्यानेही दमलेय." तुम्ही मुद्दा सोडलेला नाही, फक्त ज्यावर काहीच अवलंबून नाही ती गोष्ट सोडली आहे. स्वतःला एकच विचारा : या तपशिलाचा निकाल लागला तर निर्णय बदलेल का? पैशाच्या वादात कधी कधी बदलतो. हप्ता किती भरला, हे पासबुकात बघावंच लागतं. पण सत्यनारायण शनिवारी होता की रविवारी, याने काहीही बदलत नाही.

तिसरी चूक म्हणजे "तुझंच खरं" म्हणून विषय मिटवणं. घर शांत झाल्यासारखं वाटतं, पण ताणून धरलं की समोरचा सोडतो, हे जिंकणाऱ्याला पुन्हा एकदा कळतं. सोडणारा मनात हिशेब ठेवतो आणि पुढचं भांडण त्या हिशेबापासून सुरू होतं. थांबायचंच असेल तर विषय उघडा ठेवून थांबा : "मला आता नीट बोलता येत नाहीये. साडेनऊला परत बसू." छातीत धडधडतंय, कान तापलेत, एकच वाक्य तीनदा बोललं जातंय, म्हणजे ती वेळ आली आहे. नाडी शंभराच्या वर गेली की समोरचं ऐकून समजून घेणं कठीण होतं, असं गॉटमन सांगतात. शरीर निवळायला किमान 20 मिनिटं लागतात. त्या वेळात मनातल्या मनात उत्तरं रचत बसलात तर धडधड तशीच राहते, म्हणून कॉलनीत एक फेरी मारा, कपड्यांच्या घड्या घाला. परतायची वेळ मात्र सांगितलीच पाहिजे, नाहीतर समोरच्याला ती पाठ फिरवणं वाटते.

आणि "तुला नेहमी जिंकायचंच असतं" हे वाक्य भांडणात कधीच टाकू नका. त्यावर एक नवीन वाद होतो आणि तोही तो जिंकतो. मुलांना किंवा सासूबाईंना साक्षीला बोलावणंही तसंच. चार माणसांसमोर माघार घेणं कुणालाही जमत नाही.

आता प्रश्न सोडवायचा कसा? या जोडप्याने शनिवारी सकाळी, चहा झाल्यावर, पंचवीस मिनिटं ठरवून बोलायचं कबूल केलं. नियम एकच : दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि तो "हो, हेच" म्हणाला की मगच आपलं बोलायचं. सुरुवातीला हे कृत्रिम वाटतं. पण जिंकणाऱ्याला यात उत्तर तयार करायला वेळ मिळत नाही, कारण त्याला ऐकावं लागतं. तिने विचारलं, "तिकडे गेलं नाही तर तुला नेमकी कसली काळजी वाटते?" तेव्हा पहिल्यांदा कळलं की मजूर मिळत नाहीत आणि वडिलांना एकट्याने फवारणी झेपत नाही. त्याला भेटीगाठींपेक्षा बागेची आणि वडिलांची चिंता होती. तिला सासरी जाण्याचा नव्हे, दमण्याचा त्रास होता.

मग एका कागदावर दोघांनी दोन-दोन गोष्टी लिहिल्या : काय सोडता येणार नाही आणि कशात ढिलं होता येईल. त्याचं न सुटणारं : ऑक्टोबर छाटणी आणि काढणीच्या दिवसांत बागेत हजर असणं. तिचं : महिन्यात दोन रविवार पूर्ण मोकळे. ठरलं ते असं : कामाच्या हंगामात तो एकटा जाईल, एरवी महिन्यातून एकदा दोघं जातील, त्या दिवशी संध्याकाळचं जेवण बाहेरून येईल. हे फक्त दोन महिन्यांसाठी, आणि बघायचा दिवस कॅलेंडरवर लिहिलेला. कायमचं कबूल करणं त्याला हरणं वाटलं असतं, दोन महिने करून बघणं वाटलं नाही.

सगळे प्रश्न असे मिटत नाहीत. जोडप्यांचे सुमारे 69 टक्के मतभेद स्वभावातून येणारे आणि वर्षानुवर्षं चालणारे असतात, असं गॉटमन यांच्या अभ्यासात दिसलं. तिथे तोडग्यापेक्षा न ओरबाडता बोलता येणं हेच मिळवायचं असतं.

या सगळ्याची एक हद्द आहे. तुम्ही आकडा मान्य करता, थांबता, नीट विचारता, आणि तरीही तो अपमान करतो, पैसे अडवतो, दार अडवून उभा राहतो, किंवा बोलण्याआधी तुम्हाला भीती वाटते, तर हा संवादाचा प्रश्न नाही. तिथे वरचं काही वापरत बसू नका. महिलांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे, तातडीचा धोका असेल तर 112. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शिवीगाळ, मानसिक छळ आणि पैशाची कोंडीही हिंसाच धरली आहे, अंगावर वळ दाखवावे लागत नाहीत.