गुणोत्तर शिकवताना या चुका टाळा: ‘दोन वाढले म्हणून दोन वाढवले’ असे मुले का म्हणतात

सोलापुरात सहावी ते आठवीच्या मुलांना गणित शिकवताना मी शेंगाचटणीचा एक प्रश्न नेहमी विचारते. चार वाट्या शेंगदाण्यांना सहा चमचे तिखट लागते. तेवढ्याच तिखट चवीची चटणी सहा वाट्या शेंगदाण्यांची करायची असेल, तर तिखट किती घ्यावे? बरोबर उत्तर नऊ चमचे आहे, पण वर्गातील बरीच मुले ठामपणे आठ सांगतात. कारण विचारले की उत्तर येते, ‘दोन वाट्या वाढल्या, म्हणून दोन चमचे वाढवले.’

हे आकडे माझे नाहीत. अमेरिकेतील भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट कार्प्लस यांनी उंच आणि बुटक्या माणसाच्या चित्रांवर रचलेल्या प्रसिद्ध प्रश्नात हेच चार आणि सहा आहेत, आणि तेथेही मुले नऊऐवजी आठ म्हणत.

पहिली चूक: आठ या उत्तराला निष्काळजीपणा समजणे

मुलांच्या विचारांच्या वाढीचा अभ्यास करणारे स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्या मांडणीनुसार साधारण सात ते अकरा या वयात मूल मूर्त क्रियात्मक अवस्थेत असते. या वयात ते मोजते, क्रम लावते, वर्गीकरण करते आणि दोन राशींमधील फरक अचूक काढते. गुणोत्तराची अडचण अशी आहे की तेथे दोन संबंधांमधला संबंध सांभाळावा लागतो: वाट्या दीडपट झाल्या, तर चमचेही दीडपटच व्हायला हवेत. पियाजे आणि त्यांच्या सहकारी बार्बेल इनहेल्डर यांनी प्रमाणाची ही जाण पुढच्या, म्हणजे अमूर्त विचाराच्या औपचारिक क्रियात्मक अवस्थेत धरली. म्हणून आठ हे उत्तर देणारे मूल विचार करतच असते; फक्त त्याला हाताशी असलेला संबंध बेरजेचा असतो. ‘नीट वाच’ असे सांगितल्याने तो संबंध बदलत नाही.

दुसरी चूक: सोप्या आकड्यांवरून ‘समजले’ असे मानणे

चार वाट्यांच्या आठ वाट्या केल्या, तर जवळजवळ सगळी मुले बारा चमचे सांगतात, कारण दुप्पट करणे ही त्यांच्या परिचयाची कृती आहे. मी स्वतः अनेक वर्षे असेच आकडे देत राहिले आणि चाचणीत दीडपट आली की वर्ग का कोसळतो, हे मला कळत नसे. तपासणीसाठी आकडे असे निवडावेत की दुप्पट-तिप्पट करून सुटका होणार नाही.

तिसरी चूक: तिरकस गुणाकार लवकर देणे

ही चूक सर्वांत महाग पडते, कारण उत्तर बरोबर येते आणि विचार जुनाच राहतो. त्याऐवजी आधी मुलाचाच नियम उलट दिशेने चालवावा. दोन वाट्या कमी केल्या, म्हणून दोन चमचे कमी: दोन वाट्यांना चार चमचे. पुन्हा दोन कमी केल्या, तर वाट्या शून्य आणि तिखट दोन चमचे! शेंगदाणे नसलेली चटणी पाहून मूल स्वतःच थांबते. परंतु नियम मोडल्याने नवा नियम आपोआप तयार होत नाही, म्हणून येथेच न थांबता चटणीचा लहान घाणा शोधायला लावावा. चार वाट्या आणि सहा चमच्यांचे दोन सारखे भाग केले की दोन वाट्यांना तीन चमचे मिळतात. असे तीन घाणे घातले की सहा वाट्या आणि नऊ चमचे होतात. मुलाने हा तक्ता स्वतः भरावा. त्यानंतर पाच वाट्या विचाराव्यात. येथे पूर्ण घाणे बसत नाहीत, त्यामुळे एका वाटीला दीड चमचा असे म्हणावेच लागते, आणि एकमान पद्धतीला तेव्हा अर्थ येतो. प्रत्येक ओळीत चमच्यांना वाट्यांनी भागले की दीडच येतो, हे मुलाने स्वतःहून सांगितले की सूत्र द्यायला हरकत नाही.

चौथी चूक: वयावर विसंबणे

बारावे वर्ष लागले म्हणजे अमूर्त विचार सुरू झाला, असे नसते. पियाजे यांनीच 1972 मध्ये आपले मत सुधारून लिहिले की हा विचार पंधरा ते वीस या वयापर्यंतही लांबू शकतो आणि तो ज्याच्या त्याच्या आवडीच्या वा व्यवसायाच्या क्षेत्रात आधी दिसू शकतो. घरच्या कारखान्यात रंगाचे प्रमाण बिनचूक सांगणारा नववीतला मुलगा रसायनशास्त्राच्या तासाला गोंधळतो, तेव्हा त्याला मठ्ठ ठरवू नये. रंगापासून सुरुवात करून द्रावणापर्यंत यावे.

मूल खरोखर पुढे गेले का, हे पाहण्यासाठी मी शेवटी तेच आकडे वेगळ्या गोष्टीत देते. धाकटी बहीण चार वर्षांची असताना थोरली सहाची होती; धाकटी सहाची होईल, तेव्हा थोरली किती वर्षांची असेल? येथे आठ हेच बरोबर आहे. जे मूल येथे नऊ लिहिते, त्याने चटणीचे उत्तर बरोबर दिले असले, तरी त्याला मी पुन्हा त्या तक्त्याकडे नेते.