मॉनिटर आधी कॅमेऱ्याने मोजा

लातुरात गंजगोलाईजवळच्या गल्लीत मी लग्नाच्या अल्बमचं एडिटिंग सुरू केलं आणि पहिल्याच उन्हाळ्यात एक अल्बम परत आला. नवरीचे वडील पानं उलटत म्हणाले, "दादा, सगळं काळपट दिसायलंय की." मी तीच फाईल मॉनिटरवर उघडली, तर शालूची जर लखलखत होती. लॅबला फोन लावायच्या आधी पाहुण्यांना पाठवलेले तेच फोटो दोन-तीन फोनवर पाहिले. मांडवाच्या सावलीतले चेहरे तिथेही बुडालेले होते आणि जवळून घेतलेले फोटो मऊ वाटत होते. छापील पान आणि फोन एकच तक्रार करत होते, म्हणजे चूक माझ्या टेबलावर होती.

दुकानाचं शटर रस्त्याकडे उघडं असायचं. दुपारच्या उजेडात नीट दिसावं म्हणून मी ब्राइटनेस १०० वर ठेवला होता. असा झगझगीत पडदा फोटोला उसना उजेड देतो. डोळ्याला फोटो पुरेसा उजळ वाटतो आणि एक्सपोजर वाढवायला हात जातच नाही.

हा उजेड किती आहे, ते तुमच्याकडचा कॅमेराच सांगेल. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा. त्यातले व्हिव्हिड मोड, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, आपोआप कमी-जास्त होणारा ब्राइटनेस आणि संगणकाचा नाइट लाइट बंद करा. कॉन्ट्रास्ट कंपनीने ठेवलाय तिथेच राहू द्या. मग पूर्ण पडदा पांढरा करा, दुकानाचं शटर ओढून घ्या आणि कॅमेरा मॅन्युअलवर ठेवून फ्रेममध्ये फक्त पांढरा भाग घ्या. फोकस मुद्दाम बिघडवा, नाहीतर पिक्सेलची जाळी दिसते. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर ४, शटर १/६० लावा. मीटरचा काटा शून्यावर आला, तर उजेड साधारण १२० कॅन्डेला प्रति चौरस मीटर आहे, आणि आपल्याला तेवढाच हवा. हिशेब असा, त्यातला १२.५ हा मीटरचा ठरलेला आकडा:

```
१२.५ × ४ × ४ × ६० ÷ १०० = १२०
```

माझा काटा १/१६० ला शून्यावर आला, म्हणजे ३२०! जवळजवळ दीड स्टॉप जास्त. मग शटर परत १/६० वर आणलं आणि काटा शून्यावर येईपर्यंत मॉनिटरचा ब्राइटनेस उतरवत गेलो. ही मोजणी अंदाजी आहे, थोडा फरक राहतो, पण ३२० आणि १२० मधली दरी ती हमखास पकडते. पहिले दोन दिवस पडदा मरगळलेला वाटेल. तेव्हा ब्राइटनेस परत वाढवू नका, पडद्यावर पडणारा उजेड कमी करा. मी पडद्यावर थेट येणारी ट्यूबलाइट हलवली आणि शटर अर्धं खाली घेतलं.

फोटो मऊ येण्याचं कारण मॉनिटरच्याच मेनूत होतं. माझ्या मॉनिटरचा शार्पनेस ७० वर होता. मॉनिटर स्वतःच कडा कोरत होता, म्हणून मी फाईलमध्ये शार्पनिंग हात राखून करत होतो. तपासायला मधल्या राखाडी रंगावर, म्हणजे १२८, १२८, १२८ वर, एक पिक्सेल जाडीच्या काळ्या रेघा काढा आणि १०० टक्के झूमवर बघा. रिझोल्युशन मॉनिटरचं मूळचंच हवं. रेघेच्या कडेला पांढरट किनार दिसली, तर ती जेमतेम नाहीशी होईपर्यंत आकडा उतरवा. आणखी खाली गेलात तर रेघ पसरते. माझी किनार ५० ला गेली. काही मॉनिटरवर ती जागा शून्यावर असते, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा उचलू नका.

रंगाच्या बाबतीत मात्र डोळ्यावर विसंबू नका. निळसर पांढऱ्याकडे पाच मिनिटं पाहिलं की डोळा त्यालाच पांढरं मानतो. मग हळद फिकी वाटते, आपण पिवळा वाढवतो आणि छापील पानात नवरीचं कपाळ केशरी होतं. यासाठी कलरीमीटर लागतो. आम्ही तिघा स्टुडिओवाल्यांनी मिळून एक घेतला आणि महिन्यातून एकदा फिरवतो. लक्ष्य ठेवायचं ते ६५०० केल्विन पांढरा, गॅमा २.२ आणि तोच १२० उजेड. उपकरण न मिळाल्यास मॉनिटरचा sRGB मोड निवडा, आणि फोनसाठीच्या फाईल sRGB मध्येच काढा. मोठा कलर स्पेस तसाच ठेवला आणि समोरच्या अ‍ॅपने प्रोफाइल वाचलंच नाही, तर रंग फिके दिसतात.

हे सगळं केल्यावर तीच फाईल उघडली, तेव्हा नवरीच्या वडिलांना दिसलेला काळपटपणा मला पडद्यावरच दिसला. मांडवातल्या फोटोंचं एक्सपोजर एक स्टॉपच्या आसपास वाढवलं, पांढऱ्या फेट्यांचे तपशील उडू नयेत म्हणून हायलाइट खाली घेतले आणि सगळा अल्बम करायच्या आधी दोनच पानं छापून मागवली. पडदा आणि पान शेजारी धरताना पान खिडकीच्या उजेडात ठेवा. पिवळ्या बल्बखाली तेच पान पुन्हा काळपट आणि पिवळं दिसतं. फोनचं गणित तेवढं पक्कं बसत नाही, कारण कोणाचा फोन व्हिव्हिडवर असतो, कोणाचा रात्रीच्या पिवळ्या मोडवर. मी पाठवण्याआधी दोन वेगळ्या फोनवर फक्त चेहऱ्याची सावली बघतो. एकावर बुडाली आणि दुसऱ्यावर ठीक असली तर फाईलला हात लावत नाही, दोन्हीकडे बुडाली तर पुन्हा कॅमेरा काढून पांढरा पडदा मोजतो.