हळद, संगीत आणि लग्न: नातेवाइकांना वेळापत्रक कसे कळवावे

लग्नपत्रिकेत मुहूर्त मिनिटासह छापलेला असतो, पण पाहुण्यांना खरी गरज असते ती ‘आम्ही किती वाजता पोहोचायचे आणि काय नेसायचे’ एवढ्याच माहितीची. त्यामुळे पत्रिकेव्यतिरिक्त प्रत्येक कार्यक्रमाचा स्वतंत्र संदेश तयार करावा. तिन्ही कार्यक्रम एकाच लांबलचक संदेशात कोंबले, तर हळदीला न बोलावलेल्या मंडळींनाही हळदीची वेळ कळते आणि नको तिथे रुसवे सुरू होतात.

सुरुवात याद्यांपासून करावी. वधूकडचे आणि वराकडचे अशी विभागणी इथे फारशी उपयोगाची नसते. कोण कोणत्या कार्यक्रमाला येणार, यानुसार तीन याद्या कराव्यात. त्यानंतर वेळा ठरवाव्यात आणि त्या दोन प्रकारे लिहून ठेवाव्यात: विधीची वेळ आणि पाहुण्यांनी पोहोचण्याची वेळ. पाहुण्यांना कळवताना पोहोचण्याची वेळ आधी आणि ठळक द्यावी.

हा फरक लग्नाच्या दिवशी सर्वाधिक जाणवतो. समजा, मुहूर्त रविवारी दुपारी १२ वाजून २४ मिनिटांनी आहे. मंगलाष्टका त्याआधीच सुरू होतात, कारण अंतरपाट नेमका मुहूर्तावर दूर व्हायचा असतो. म्हणजे १२:२४ ला पोहोचलेल्या माणसाच्या हातात अक्षता पडेपर्यंत लग्न लागलेले असते. म्हणून सर्वांना ११:३० ही वेळ द्यावी. ज्यांना फेटे बांधायचे आहेत त्यांना मात्र आणखी लवकर, १०:१५ ला बोलवावे. एका फेट्याला तीन मिनिटे धरली, तरी बांधणारा एकच असल्यास वीस जणांना एक तास लागतो, आणि ऐनवेळी अर्धे मामा-काका बोडक्या डोक्याने फोटोत येतात.

हळदीची वेळ ठरवताना वेगळीच अडचण येते. वराला लावलेली उष्टी हळद वधूकडे पाठवण्याची पद्धत ज्या घरांत पाळली जाते, तिथे वधूकडचा कार्यक्रम ती हळद येण्यावर अवलंबून असतो. अशा वेळी वराकडच्या मंडळींशी बोलून, प्रवासाचा वेळ धरून, मगच वेळ कळवावी. ‘सकाळी हळद’ असे मोघम लिहू नये.

पोशाखाची सूचना एका ओळीची असावी, पण तिच्यात कारण दडलेले असावे. हळदीचा डाग सहज निघत नाही आणि साबण लागताच तो लालसर होतो, हे ठाऊक असूनही कोणीतरी पांढरा सिल्कचा कुर्ता घालून येतोच. नुसता ‘पिवळा रंग’ एवढेच लिहिले, तर काही जण त्या दिवसासाठी नवी खरेदी करतात आणि ती पहिल्याच तासात खराब होते. नमुना असा ठेवता येईल:

हळद, चि. सौ. कां. ______ हिची
शनिवार, १२ डिसेंबर, सकाळी १०:०० ला पोहोचावे. हळद लावणे १०:३० ला
स्थळ: वधूचे घर, तळमजल्यावरील अंगण
पोशाख: पिवळा किंवा केशरी, घरातला जुना सुती कपडा उत्तम, डाग पडतील
संपर्क: ______ (वधूचा भाऊ)

संगीताच्या संदेशात नाचणाऱ्यांसाठी ‘सपाट चपला सोबत आणाव्यात’ एवढे जोडावे आणि रंगाची सक्ती करू नये. ज्येष्ठांना नेहमीचे काठपदर चालतील, हे स्पष्ट लिहिले की त्यांचे चार फोन वाचतात. लग्नाला नऊवारी अपेक्षित असेल, तर ती नेसवणारी बाई किती वाजता आणि कुठल्या खोलीत असेल, हेही त्याच ओळीत यावे.

संदेश चित्राऐवजी मजकूर म्हणून पाठवावा, कारण मजकूर मोठ्या अक्षरांत वाचता येतो. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतून पाठवणार असाल, तर तुमचा क्रमांक ज्यांनी जतन केलेला नाही त्यांच्यापर्यंत तो पोहोचत नाही; दूरच्या नात्यात हे हमखास घडते. कार्यक्रमनिहाय गट केल्यास त्यात फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी व्यवस्था करावी आणि वेळेचा संदेश पिन करावा, नाहीतर शुभेच्छांच्या गर्दीत तो वर सरकून दिसेनासा होतो. जे मोबाइल पाहत नाहीत त्यांना फोन करावा आणि वेळ त्यांच्याकडून परत म्हणवून घ्यावी.

वेळ बदललीच, तर जुना संदेश पुसून भागत नाही, कारण तो एव्हाना पुढे पाठवला गेलेला असतो. नवा संदेश ‘बदल’ या शब्दाने सुरू करावा, त्यात जुनी आणि नवी अशा दोन्ही वेळा लिहाव्यात आणि त्याच दिवशी त्या यादीतील ज्येष्ठांना पुन्हा फोन करावा.