बाद फेरीचा ड्रॉ काढण्याआधी

चवथीनंतर डिचोलीत कॅरमची एकेरी स्पर्धा ठेवली आणि नावं आली तेरा, असं धरून चालू. आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला फोन करून तो नक्की येतोय ना, हे विचारून घ्या. ड्रॉ त्यानंतरच काढायचा.

मग मानांकन. गेल्या दोन वर्षांत कोण कोणाला हरवून कुठवर गेला, ते वहीत काढा. दुहेरीतलं यश इथे मोजू नका, ते जोडीचं असतं. तेरा जणांत चारच मानांकित पुरेत. पाचवा कोण आणि सहावा कोण हे ठरवायला निकाल अपुरे पडतात आणि वाद तिथेच सुरू होतात.

आता सोळा ओळींचा तक्ता आखा. पहिला मानांकित ओळ १ वर, दुसरा १६ वर, म्हणजे ते फायनलआधी भेटत नाहीत. तिसरा आणि चौथा यांच्यासाठी ओळी ५ आणि १२. यातली कोणाला कुठली, हे चिठ्ठीवर सोडा. ओळ ५ वाल्याला सेमीफायनलमध्ये पहिला मानांकित भेटू शकतो, १२ वाल्याला दुसरा. तो निर्णय आयोजकांच्या हातात नसलेला बरा.

सोळातून तेरा गेले की तीन बाय उरतात. ते पहिल्या तिघा मानांकितांचे. म्हणून ओळी २ आणि १५ रिकाम्या, आणि तिसरा मानांकित ५ वर असेल तर ६, १२ वर असेल तर ११. उरलेल्या नऊ जागांवर नऊ चिठ्ठ्या, सगळ्यांसमोर, शक्य तर कोणाही खेळाडूचा नातेवाईक नसलेल्याच्या हातून. एकाच वाड्यावरचे दोघे असतील तर त्यांना वेगवेगळ्या अर्ध्या भागांत ठेवायचं, आणि हा नियम चिठ्ठी उचलण्याआधी जाहीर करायचा. दुसऱ्याची चिठ्ठी त्याच भागातल्या जागेची निघाली तर ती परत टाकून पुन्हा उचलायची.

फोनचा एवढा आग्रह का, ते दुसरा मानांकित आयत्या वेळी गळाला की कळतं. त्याच्या शेजारची ओळ बायची असल्यामुळे १५-१६ ही जोडीच उडते आणि १३-१४ मधला विजेता एकच सामना जिंकून थेट सेमीफायनलला पोचतो. तो ड्रॉआधी गळला, तर तिसरा दुसरा होतो, चौथा तिसरा आणि नवा चौथा निवडता येतो. ड्रॉ लागल्यावर मात्र कुणाला हलवू नका.

तक्ता भिंतीवर लावण्याआधी चार-चार ओळींचे गट बोटाने मोजा. प्रत्येक गटात एकच मानांकित हवा आणि कुठेही दोन रिकाम्या ओळी समोरासमोर नकोत. बिनमानांकित एखादा दमदार निघाला तर तो पहिल्याच सामन्यात मानांकिताला गाठू शकतो. तेवढी शक्यता राहतेच, तिच्यासाठी तक्ता बदलू नये.