फोटोत लेअर लाइन दिसतच नव्हत्या: माझा अनुभव

घणसोलीच्या घरी थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकचा एकच ठोकळा ०.१२, ०.२० आणि ०.२८ मिमी जाडीच्या लेअरवर छापला. फोटोत मात्र ०.२८ वालाच सगळ्यात गुळगुळीत! डोकंच फिरलं. फ्लॅश लावला, मोबाइल बदलला, फरक शून्य.

घोळ उजेडाच्या दिशेत होता. लेअर आडव्या असतात. लॅम्प डावीकडून, म्हणजे त्यांच्याच रेषेत असला की सावली पडत नाही. आता खोलीतले दिवे बंद करतो, मोबाइल स्टँडवर लावून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करतो. मग लॅम्प वरून, ठोकळ्याच्या पुढच्या बाजूला चाटून जाईल असा तिरपा लावतो आणि तिन्ही ठोकळे एकाच खुणेवर ठेवून टिपतो. ०.२८ च्या पायऱ्या लगेच उठून दिसल्या.

वॉर्पिंग, म्हणजे ठोकळ्याचे कोपरे वर उचलले जाणं, टिपायचं असेल तर ठोकळा काचेवर ठेवून मागून उजेड द्या, उचललेल्या कोपऱ्याखालची फट चमकते.