'ती आमो' आईला म्हणू नका: इटालियन शिकणाऱ्यांनो, या चुका टाळा

पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारतंच, "सर, आय लव्ह यू कसं म्हणायचं?" मी उलट विचारतो, "कोणाला?" पोरं हसतात. त्यांना वाटतं मी चेष्टा करतोय. पण इटालियनमध्ये हा प्रश्न आधी विचारावाच लागतो. (इथला 'ती' म्हणजे 'तुला', आपली 'ती' नव्हे.)

'ती आमो' हे प्रियकर-प्रेयसी आणि नवरा-बायको यांच्यातलं. आई, भाऊ, आजी, मैत्रीण, मुलगा, या सगळ्यांसाठी 'ती वोल्यो बेने'. शब्दशः अर्थ 'मला तुझं भलं हवंय'. आपल्या 'माया' किंवा 'जीव आहे' याच्या जवळचं. ही विभागणी आजची नाही. दोन हजार वर्षांपूर्वी कातुल्लुस या लॅटिन कवीनं आपल्या प्रेयसीला सुनावलं होतं की तुझ्या दगाबाजीमुळे ओढ वाढलीय, पण तुझं भलं व्हावं ही इच्छा मात्र कमी झालीय. तेव्हापासून ही दोन क्रियापदं वेगळी आहेत, आणि आमचे विद्यार्थी दोन मिनिटांत ती एक करून टाकतात.

माझा एक विद्यार्थी बोलोन्याला शिकायला गेला. घरमालकीण सत्तरीची, एकटी. याला ताप आला की सूप करून द्यायची, रविवारी लाझान्याचा तुकडा दारात ठेवायची. तिच्या वाढदिवसाला यानं फुलं आणली आणि कार्डावर लिहिलं, 'सिन्योरा, ती आमो'. बाई हसल्या. पण कार्ड त्यांच्या मुलानं पाहिलं, आणि तो हसला नाही. हा मुलगा आहे कोण, आईच्या घरात करतो काय, अशी चौकशी सुरू झाली. घाबरून यानं दुसऱ्या दिवशी दुरुस्तीची चिठ्ठी सरकवली. 'वोल्यो बेने' असं काहीतरी असतं एवढं आठवत होतं, शेवटचा शब्द आठवेना. लिहिलं, 'ती वोल्यो'. म्हणजे 'मला तू हवीस'. आधीचं कार्ड परवडलं असतं!

रात्री साडेअकराला त्याचा मला फोन. मी म्हटलं, उद्या सकाळी समोर उभा राहा आणि 'ले वोल्यो बेने, सिन्योरा' एवढंच म्हण. 'ती' नाही, 'ले'. बाई त्याला अरे-तुरे करत, पण तो त्यांना अहो-जाहो करायचा. मायेनं बोलतानाही ते सुटत नाही. 'बेने' गाळायचं नाही, हे तर मी वर्गात निदान वीसदा सांगतो. घाईच्या पोरांना छोटं वाक्य आवडतं, आणि इथं छोटं वाक्यच गोत्यात आणतं.

दुसरी चूक जरा अभ्यासू पोरांची. 'त्याच्यावर माझा जीव आहे' म्हणताना ती 'लो वोल्यो बेने' म्हणतात. हवं 'ल्यी वोल्यो बेने'. दोष आपल्या कानाचा आहे. मराठीत 'त्याला ओळखतो' आणि 'त्याला पैसे देतो', दोन्हीकडे 'त्याला'च. इटालियनमध्ये पहिल्याला 'लो', दुसऱ्याला 'ल्यी'. इथं हवं असलेलं 'भलं' म्हणजे पैशांच्या जागी. ज्याच्यासाठी हवं, तो 'ल्यी'. ती बाई असेल तर 'ले'. 'आमो'ला मात्र 'लो' आणि 'ला'च लागतात. मी स्वतः आजही मनात 'पैसे देतो' घालून बघतो.

बाकीच्या किरकोळ. 'वोग्लियो' म्हणू नका, 'वोल्यो' म्हणा. मेसेजच्या शेवटी TVB दिसलं तर ते 'ती वोल्यो बेने'च, एसएमएसच्या काळातलं.

'आमोरे' ऐकून गोंधळू नका. आई लेकराला दिवसभर 'आमोरे' म्हणून हाक मारते, मुलांविषयी तिसऱ्याशी बोलताना 'आमो' हे क्रियापदही चालतं. कुंपण आहे ते समोरच्याला 'ती आमो' म्हणण्याला.

आणि प्रेयसीनं 'ती वोल्यो बेने' म्हटलं म्हणून लगेच रडत मला फोन करू नका. ओळख नवी असताना 'ती आमो' फार जड शब्द आहे, तो उशिराच येतो. मुरलेली जोडपी दोन्ही म्हणतात. धोका फक्त एका वाक्यात: 'ती वोल्यो बेने, मा...'. 'मा' म्हणजे 'पण'. पुढचं ऐकायची गरज नसते.

नेपल्सला मात्र माझे हे नियम ढिले पडतात. तिथल्या बोलीत प्रियकरही 'ते वोल्यो बेने'च म्हणतो, आणि जुनी प्रेमगीतं त्यानं भरलेली आहेत. तिथं शब्दावर जाऊ नका, म्हणणाऱ्याचा चेहरा बघा.