फवारणीचा गोषवारा: तक्ता, मुद्दे की परिच्छेद?

तासगावकडच्या द्राक्षबागेतल्या फवारणीचा गोषवारा मी आधी सगळ्यांना एकाच तक्त्यात पाठवत होतो: तारीख, औषध, प्रमाण, टाकी, कारण. व्हॉट्सॲपवर चिकटवला की रकाने मोडायचे आणि एका औषधाचं प्रमाण दुसऱ्याच्या पुढे जाऊन बसायचं. आता वाचणारा कोण, ते बघून मांडणी ठरवतो.

ब्लोअर चालवणाऱ्याला क्रमाने मुद्दे. त्याला तुलना करायची नसते, पुढची कृती हवी असते. 'गंधक २ ग्रॅम प्रति लिटर' असं लिहिलं, तर हिशोब त्याच्यावर पडतो. म्हणून टाकीचाच आकडा देतो:

१. ६०० लिटरच्या टाकीत अर्धं पाणी भरा.
२. गंधक १२०० ग्रॅम बादलीत कालवून ओता.
३. टाकी भरा, ढवळणी चालू ठेवा.
४. ऊन तापायच्या आत संपवा, नाहीतर पानं करपतात.

निर्यातीसाठी नोंदी तपासणाऱ्याला मात्र तक्ताच लागतो. तो एकेक रकाना वरून खाली वाचतो: शेवटची फवारणी कधी, काढणीला किती दिवस उरले. तक्ता पीडीएफ करून पाठवावा, म्हणजे रकाने हलत नाहीत. 'कारण' हा रकाना मी काढून टाकला. लांब वाक्यं कोंबली की आकडे शोधावे लागतात.

कारण जातं बागमालक काकांकडे, परिच्छेदात: 'रात्री पाऊस झाला, पानं दुपारपर्यंत ओली होती, त्यामुळे भुरीपेक्षा डाऊनीची भीती जास्त, म्हणून गंधक पुढे ढकललं.' याचे मुद्दे केले की 'त्यामुळे' आणि 'म्हणून' गळतात, आणि काकांचा फोन येतोच: "अरे, गंधक का नाही मारलं?"